गाळलेली ओवी

पाचोडात लेक सासरी निघाली की चतुराबाईला बोलावणं यायचं. दिवसभर निंदणी करून आलेली असली तरी ती तोंडावर पाणी मारून उभी राहायची. उंबऱ्यापासून गावच्या येशीपर्यंत पाच ओव्या. ओवी चतुराबाईनं म्हणायची, धृपद बाकीच्या बायांनी झेलायचं. ओवीत दुःख, धृपदात आशीर्वाद. म्हणून ओवी सांगणारीनं रडायचं नाही. तिचा गळा दाटला तर आशीर्वाद अडतो.

पोलीस ॲक्शनला दोन वर्षं झाली होती. कडूबाची लेक भागू निघाली. तिचा थोरला भाऊ बद्रीनाथ रझाकारांच्या धामधुमीत घरातून गेला, तो परतलाच नव्हता. मेल्याची खबर नाही, जित्याची नाही. आई द्वारकाबाई रोज त्याची भाकरी झाकून ठेवायची.

चतुराबाईनं सूर धरला.

"माय उभी उंबऱ्यात, आसवं तिच्या पदरात."

"नांद बाई, सुखी नांद," बायांनी झेललं.

"बाप उभा जोत्यापाशी, पागोट्यानं डोळं पुशी."

"नांद बाई, सुखी नांद."

तिसरी ओवी भावाची. द्वारकाबाईच्या जिवाला लागेल, म्हणून चतुराबाईनं ती गाळली.

"मामा कासरा हाती धरी, भाची निघाली सासरी."

झेलायला कुणी तोंड उघडलं नाही. द्वारकाबाईनं गाडीचा दांडा धरला. मामानं बैल थांबवले.

"चतुरे, माझ्या लेकाची ओवी कुठंय?"

"अगं, तुला सोसायचं नाय म्हणून..."

"मेलेल्याची ओवी गाळतात! तुला काय कळलंय? बोल की!"

हे चतुराबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. "वैनी, देवाची आण, मला काय बी ठाऊक नाय."

"मग म्हण."

चतुराबाईनं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मग द्वारकाबाईनंच म्हटलं. आईनं कधी म्हणायचं नसतं.

"बद्री चाले गाडीमागं, बहीण वळून बघं."

सगळ्यांच्या माना गाडीमागं वळल्या. तिथं चाकोरीतला फुफाटा होता. आणि गाडीतून, पदराआडून, भागूचा आवाज आला. नवरीनं धृपद झेलायचं नसतं; ते तिच्यासाठीच असतं.

"नांद दादा, सुखी नांद."

घर सोडून गेलेल्याला जो आशीर्वाद द्यायचा, तो भागूनं भावाला दिला. दोन वर्षं त्या घरात कुणी त्याची पाठवणी केली नव्हती.

द्वारकाबाईचा हात दांड्यावरून सुटला. ती फुफाट्यातच बसली. बायांतल्या एका म्हातारीनं सूर धरला, मग दुसरीनं, "नांद दादा, सुखी नांद," आणि गाडी हलली. येशीपर्यंत चतुराबाई नुसती मागून चालत होती.

त्यानंतर कुठलंही बोलावणं आलं की ती आधी विचारायची, "माणसं किती, नावं काय?" ओवी एकही गाळायची नाही. नाव कुणी चाचरत सांगितलं, तर ती त्या घरच्या आईकडं बघायची आणि म्हणायची, "तू सांग. मी तसंच म्हणंन."