बर्फावरचं ऊन

भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती. लातुरात गल्लोगल्ली क्लास उघडले होते आणि मी आणि माझी मैत्रीण एकाच क्लासमध्ये शिकवायचो. मी जीवशास्त्र, ती भौतिकशास्त्र. ती हदगावकडची, कापूसवाल्या शेतकऱ्याची लेक. उन्हाळी सुट्टीत हिमाचलात ट्रेकला जायचं माझ्याच डोक्यातून निघालं.

सामान भरताना तिनं विचारलं, "उन्हाचं क्रीम घेऊ का गं? लई महाग हाय."

मी हसले. "हदगावच्या उन्हात वाढलेली तू. त्या थंडीत काय भाजणार?"

माझ्या पिशवीत मात्र एक ट्यूब होती. छोटीच.

वर तळावर गाईडनं सांगितलं, बर्फावरून ऊन उलटं वर येतं, म्हणून नाकाखाली, हनुवटीखालीही क्रीम लावा, दर दोन तासांनी परत लावा, ओठ चाटू नका, साबणानं तोंड धुऊ नका. पाणी बर्फ वितळवून मिळायचं, तेही फक्त प्यायपुरतं. तिनं माझ्याकडं बघितलं. "तुझ्याकडं हाय का?"

"नाही," मी म्हणाले. मला वाटलं, दोघींनी वापरली तर शेवटी वरची खिंड गाठायच्या दिवसापर्यंत ट्यूब पुरणार नाही. एवढंच कारण. रोज पहाटे ती तंबूबाहेर गेली की मी गुपचूप लावून घ्यायचे.

तिनं खोबरेल तेल आणलं होतं. थंडीनं ते बाटलीत दगडासारखं गोठलेलं. ती काखेत धरून पातळ करायची आणि तोंडाला चोपडायची. त्यानं कातडी जरा मऊ राहायची, ऊन थोडंच अडणार? तिसऱ्या दिवशी वारा सुटला, आभाळ ढगाळ होतं, म्हणून तिनं तोंडावरची ओढणीही काढली. संध्याकाळी ओठ फाटून रक्त आलं. सकाळी नाकाखाली, हनुवटीवर बारीक फोड. डोळे सुजून अर्धे मिटलेले.

गाईडनं थंड ओला रुमाल ठेवला, ओठांना व्हॅसलीन लावलं, फोड फोडू नका म्हणाला. आणि तिला एका हमालाबरोबर खाली पाठवलं.

"तू जा वर. खिंड बघून ये," ती कशीबशी बोलली. ओठ हलवले की रक्त यायचं.

मी गेले. खिंडीत सगळे फोटो काढत होते. माझा चेहरा जसाच्या तसा होता, त्याचीच लाज वाटत होती.

परतीच्या गाडीत मी सांगून टाकलं. तिच्या गालाचे पापुद्रे निघत होते.

"मला माहीत व्हतं," ती म्हणाली. "एकाच तंबूत झोपायचो ना आपण. वास येत व्हता."

"मग मागितलं का नाहीस?"

"मागितलं व्हतं की."

जून उजाडला. आम्ही पुन्हा शेजारच्या वर्गांत शिकवू लागलो, डबाही एकत्र खायचो. तिच्या नाकाखाली काळपट डाग वर्षभर राहिला. बोलताना माझी नजर तिथंच जायची, आणि ते तिच्या लक्षात यायचं.