स्वच्छ दिसणारे दाणे

शेंगदाणे निवडण्यात आत्याची तीस वर्षं गेली. आता घरी डोळा लागला, की कारखान्यातला दाण्यांचा सरकता पट्टा डोळ्यांपुढे वाहू लागतो आणि हात आपोआप हलतो.

ती अशाच तंद्रीत असताना, शेंगदाणे भाजायची भट्टी चालवणाऱ्या भाच्याने फोनवर उघड्या पोत्याचा फोटो पाठवला. तिने तो मोठा केला. दाणे सुरकुतलेले, काळपट. फटींत हिरवट-पिवळी बुरशी.

तिने फोन लावला. “भाजू नकोस.”

“आत्या, भट्टीत बुरशी मरेलच की.”

“बुरशी मरेल रे. तिनं सोडलेलं विष बरंचसं उरतं, यकृत पोखरतं.”

“मग खराब तेवढे काढतो.”

“चांगल्या दिसणाऱ्यातही असेल. ते फोटोत कळत नाही, मलाही नाही. अख्खं पोतं टाक.”

पुन्हा डोळे मिटले. पट्टा वाहू लागला. सगळे दाणे स्वच्छ दिसत होते, आणि तिला कुठला उचलून टाकावा ते कळेना.