आजीचा अंगठा

आमच्या कंपनीत रिकाम्या संदेशाला ‘आजीचा अंगठा’ म्हणतात. म्हणजे कोण्या म्हातारीचा अंगठा चुकून पाठवायच्या बटणावर पडला आणि काहीच न लिहिता संदेश गेला. नाव पुण्याच्या ऑफिसात पडलं. सगळे खो-खो हसले. मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेला घरी बसून काम करते, मीसुद्धा स्क्रीनवरून हसले. आता ते नाव ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं ॲप डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटसाठी आहे. पेशंट घरी गेला की ॲपशी बोलतो, त्रास असला तर सांगतो. पलीकडून मशीन उत्तर देतं, आणि बोलण्यात धोक्याचं काही आढळलं तर दवाखान्यातल्या नर्सला कळवतं. पेशंट काय बोलला हे मला दिसत नाही, दिसूही नये. मला दिसते संदेशाची लांबी, ॲपची आवृत्ती आणि फोन कुठल्या जातीचा ते. लांबी शून्य, किंवा नुसतं एक टिंब, असे संदेश किती येतात यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. थोडे तर रोजच येतात. पण एकाएकी वाढले तर समजायचं की माणसं नाही बिघडली, ॲप बिघडलं.

त्या आठवड्यात नवी आवृत्ती आली होती. आम्ही ती आधी थोड्याच फोनवर सोडतो, मग हळूहळू सगळ्यांना. त्यामुळे एकूण आकड्याची रेघ कशी, शांत. मी आवृत्तीप्रमाणे आकडे वेगळे केले. जुन्या आवृत्तीत रिकामे संदेश नेहमीइतकेच, आणि नवीत ढिगाने. त्यातही एकच फोन, रिकामा, पुन्हा रिकामा, थोड्या वेळाने पुन्हा रिकामा. आणि याच फोनवरून आधी चांगले लांबलचक संदेश येत होते. अहो, चुकून बटण एकदा दाबलं जातं. परत परत कोण दाबतं? ज्याला काही सांगायचं आहे तोच ना!

टीमचे प्रमुख पुण्याचे. त्यांना मी लगेच फोन लावला.

“एकूण आकडा कुठे हललाय?” ते म्हणाले.

“सर, नवी आवृत्ती थोड्याच लोकांकडे आहे. एकूण आकडा हलेल कसा?”

“अगं, खेड्यातले पेशंट आहेत. नवीन बटण कळलं नसेल त्यांना. आजीचा अंगठा!” आणि हसले.

मी म्हटलं, नवी आवृत्ती थांबवा, निदान तपासेपर्यंत. पण सोमवारी एका मोठ्या दवाखान्याच्या लोकांना ॲप दाखवायचं होतं. तेव्हा स्क्रीनवर लाल खूण नको. म्हणून सरांनी रिकामे संदेश वाढले की येणारी लाल सूचनाच बंद केली आणि ते संदेश आलेखातूनच वगळले. झाकली मूठ सव्वा लाखाची! मी त्यांच्या वरच्यांना लिहिलं. त्यांनी वाचलं, उत्तर दिलं नाही.

माझी मोठीमाय, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आष्टीला राहते. मोठेबाबा गेल्यापासून बांगड्यांचं दुकान एकटी चालवते. पोरीच्या साडीचा काठ पाहून बरोब्बर त्याच रंगाची बांगडी काढून देणार, अशी तिची नजर. त्या नजरेवरच तिचं दुकान. मोतीबिंदूने रंग फिके दिसायला लागले म्हणून तिने एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, आणि त्या दवाखान्याने तिच्या फोनवर आमचंच ॲप टाकून दिलं. टाइप करणं तिला जमत नाही. माईकचं बटण दाबून बोलायची.

रविवारी मी तिला भेटायला गेले तर बाई डोळ्यावर पदर धरून बसलेली.

“मोठीमाय, पाणी काऊन येऊन राह्यलं वं एवढं?”

“ठणकून राह्यला. होईन कमी. मी सांगतलं न दवाखान्याले, रोजच सांगून राह्यली. शेजारीण म्हणे गाडी करून जाऊ, मी म्हटलं, माह्यं त्यायच्यासंग बोलणं सुरू हाय.”

तिने कौतुकाने फोन पुढे केला. तिचं सगळं बोलणं स्क्रीनवर नीट उमटलेलं होतं. डोया लाल झाला, लय दुखते, समोरचं दिसून नाई राह्यलं. आणि खाली उत्तर: नमस्कार, आपली तब्येत कशी आहे? थेंब वेळेवर टाका, डोळ्याला हात लावू नका. पुन्हा तिचं गाऱ्हाणं, पुन्हा तसंच गोड उत्तर. मी ॲपची आवृत्ती पाहिली. नवी. एवढं स्पष्ट सांगितल्यावर मशीन असं बोलत नाही, रिकामा संदेश आला तरच बोलतं. त्याच्यापर्यंत शब्द पोचलेच नव्हते.

तशीच गाडी केली आणि तिला वर्ध्याला आणलं. डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि माझ्यावरच खेकसले, “आत पू झालाय. इतके दिवस काय करत होतात?” तो डोळा गेला.

बिघाड मग सापडला, किती सोपा! बोललेले शब्द पेशंटच्या स्क्रीनवर दिसायचे, पण पाठवताना ॲप टाइप करायच्या चौकटीतला मजकूर उचलायचं, आणि ती चौकट तर रिकामी. ऑफिसात सगळ्यांनी टाइप करूनच तपासलं होतं. त्या चकाचक हॉलमध्ये सगळ्यांसमोर फोन तोंडाशी धरून “माझा डोळा दुखतो” म्हणायची त्यांना लाज वाटली. एवढ्याशा लाजेपायी! दुरुस्तीला काही वेळसुद्धा लागला नाही. अहवालात लिहिलं, काही वापरकर्त्यांची तात्पुरती गैरसोय झाली. सरांनी मला टाळ्यांची चित्रं पाठवली, छान पकडलंस म्हणून.

मी फोन करून सांगितलं, “सर, तुमच्या त्या अंगठ्याच्या आजीचा डोळा गेला. ती माझी मोठीमाय आहे.”

ते म्हणाले, “तू हे फार मनाला लावून घेऊ नकोस.”

कोणी मनाला लावून घ्यायचं मग?

मोठीमायला खरं सांगावं म्हणून मी पुन्हा आष्टीला गेले. म्हटलं, तुझं बोलणं तिथे पोचलंच नव्हतं, तुझी काहीच चूक नाही, चूक आमची. तिला पटेना.

“पोचलं नसतं तं त्यायनं जवाब कसा देल्ला वं? रोज इचारे मले, तब्येत कशी हाय म्हणून. माह्या पोट्ट्यानं इचारलं नाई एवढं. त्यायले शिव्या नको देऊ.”

मी समजावत होते, ती मान हलवत होती. तिचा हिशेब पक्का झाला होता. तिकडची माणसं शिकलेली, आपलं बोलणं गावंढळ, त्यांना कळलं नसणार.

दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे. कधी ना कधी तेही ऑपरेशन करावंच लागणार. निघताना तिने मला जवळ बसवलं, पदर सारखा केला आणि शाळेतल्या पोरीसारखी ताठ बसून एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “नमस्कार. माझ्या डोळ्याला त्रास होत आहे. कृपया लक्ष द्यावे.”

मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “आता बरोबर हाय न वं? आता तं समजन त्यायले?”