घासून काढलेलं नाव

धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात जयवंताबाईंनी आयाबाई म्हणून सारा जन्म काढला. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर साठवलेल्या पैशातून त्यांनी दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. गृहप्रवेशाच्या आधी सावनेरहून धाकट्या भावाचा, बाबारावचा फोन आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "साडी-चोळी नको आणू गा. मायचा पाण्याचा गुंड असंल तर तेवढा दे."

आई, भीमाबाई, जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायची. पहिल्या मजुरीतून तिने तो पितळी गुंड, घागरीसारखं पाण्याचं भांडं, घेतला आणि भांडेवाल्याकडून त्यावर ठिपक्यांनी स्वतःचं नाव घालून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. पाणी भरताना ती त्या ठिपक्यांवरून बोट फिरवायची. जयवंताबाई 'भ' शिकल्या त्या गुंडावर, शाळेत जायच्या आधी.

बाबाराव फोनवर म्हणाला, "देतो ना वं ताई."

गृहप्रवेशाच्या दिवशी बुद्धवंदना झाली आणि बाबारावने लाल कागदात बांधलेला गुंड बहिणीच्या हातात दिला. सोन्यासारखा चमकत होता. जयवंताबाईंनी आधी गुंडाच्या गळ्याखाली, नाव असायचं तिथे, हात फिरवला. ठिपके नव्हते.

"नाव कुठं गेलं गा?"

"पालिशमंदी गेलं, ताई. मशीनवर घासते ना. पोचा होता, तोही काढून घेतला."

त्यांना वाईट वाटलं, पण भावाने एवढी हौस केली म्हणून त्या गप्प बसल्या. आलेल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, "माह्या मायचा गुंड आहे." शेजारच्या प्रेमिलाबाईंनी तर त्याला हात जोडले.

पाणी भरायच्या आधी जयवंताबाईंनी तो गरम पाणी, चिंच आणि मीठ लावून घासला. चमक टिकावी म्हणून वरून फवारलेलं लॅकर सालपटासारखं निघू लागलं आणि गुंड डागाळल्यासारखा दिसायला लागला. गुंड ज्या पिशवीतून आला होता तिच्यावर इतवारीतल्या पॉलिशवाल्याचा पत्ता होता. उरलेलं लॅकर काढून घ्यावं म्हणून त्या तिकडे गेल्या.

दुकानदाराने गुंड बघताच ओळखला. "हा तर आमच्याकडूनच गेला. सावनेरचे भाऊ होते. जुन्या मालाच्या ढिगातून त्यांनी स्वतः निवडला."

"निवडला?"

"हो ना. लय चोखंदळ माणूस. लोहचुंबक लावून पाहिलं, खालून बुड खरवडून पाहिलं का आतून दुसरा धातू तं नाही, पाणी भरून सांधा पाहिला. मंग म्हणे, वरचं नाव पुरं काढून टाका, भेट द्यायची आहे." त्याने गुंड उजेडात तिरपा धरला. "ठिपके खोल होते, पुरे नाही गेले. हे पाहा."

पिवळ्या चमकीत अक्षरांच्या पुसट खुणा होत्या. जयवंताबाईंनी डोळे बारीक करून वाचलं. देवकी.

"माल अस्सल आहे बाई," दुकानदार समजावत म्हणाला. "खोट नाही त्याच्यात."

त्या लॅकर न काढताच गुंड पिशवीत घालून घरी आल्या आणि भावाला फोन लावला.

"मायचा गुंड कुठं आहे गा?"

बाबाराव म्हणाला, "बायकोनं, जिजानं मोडीत देल्ला. माय गेली त्याच वर्षी. स्टीलचे डबे घेतले."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तू मांगून राहिली होती. नाही कसं म्हणू? दहा दुकानं फिरलो ताई. तसाच आकार, तसंच वजन. तुले खुश करायसाठीच केलं ना!"

"तुनं खरं सांगितलं असतं तं मी हाच गुंड डोक्यावर घेतला असता. देवकीबाईच्या नावासकट. तुनं तिचंही नाव खाल्लं आन् मायचंही."

"नाही आवडत तं परत करून टाक," बाबाराव चिडला. "दुकानदार वजनावर घेते."

जयवंताबाईंनी फोन ठेवला.

त्यानंतर त्या सावनेरला गेल्या नाहीत. भाचीच्या, रितिकाच्या साखरपुड्याचं बोलावणं आलं, तेही फक्त व्हॉट्सॅपवर. नातेवाइकांत बाबाराव सांगत फिरला की ताईचं नवीन घर झालं, आता तिला भावाच्या भेटीत खोट दिसते. ते ऐकून एक-दोघांनी जयवंताबाईंनाच समज दिली.

उरलेलं लॅकर जयवंताबाईंनी घरीच काढलं आणि त्या गुंडात पाणी भरू लागल्या. प्रेमिलाबाई एकदा त्यातलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आईच्या भांड्यातल्या पाण्याची चवच न्यारी."

"आईचं नाही ते," जयवंताबाई म्हणाल्या. "कोणा देवकीबाईचं आहे. कोण होती, माहीत नाही."

प्रेमिलाबाईंनी पेला खाली ठेवला. जयवंताबाईंनी तो उचलला आणि त्याच गुंडातून पुन्हा भरून त्यांच्यापुढे ठेवला.