बुटक्या रकान्यातल्या अकरा बायका

एलिशेवा पेणकर टेप हातात घेण्याआधी समोरच्या बाईकडे नुसती बघायची. ऐन विशीत ती एका फिरत्या नाटक कंपनीचे पोशाख शिवत असे. राजाचा अंगरखा राजाला नव्हे, त्यात शिरणाऱ्या नटाला बसावा लागतो, हे ती तिथल्या विंगेत उभी राहून शिकली. पुढे कोकणातल्या इतर ज्यू कुटुंबांसारखा तिचा भाऊ एलियासही बायकामुलांसह इस्रायलला गेला आणि तिलाही चल म्हणाला. ती गेली नाही. पनवेलला कमलाकरशेठच्या कपड्यांच्या कारखान्यात ती मास्तर होती, चाळीस मशिनं तिच्या शब्दावर चालत. बाईला मास्तर म्हणणारी माणसं दुसऱ्या देशात कुठून मिळायची?

एक्क्याण्णव साली शेठच्या डोक्यात तयार पंजाबी ड्रेसचा धंदा घुसला. तोवर कारखान्यात विलायती मापांचा तक्ता होता. त्यातल्या छातीला आपल्या बायकांचे खांदे जुळत नसत आणि कमरेला नितंब जुळत नसत. दुकानांतून माल परत यायचा.

"मास्तर, आपला स्वतःचा तक्ता करू," शेठ म्हणाले. "ऑफिसात जाणारी बाई आपलं गिऱ्हाईक. तिलाच मोजा."

न्यू पनवेलच्या एका महिला मंडळाचा हॉल मिळाला. नोकरदार बायका घरी सापडायच्या त्या रविवारी, म्हणून मोजणी रविवारी. पडद्यामागे साडी उतरवून पातळ सुती झगा घालायचा, कमरेची जागा ठरावी म्हणून तिथे दोरा बांधायचा, मग टेप. टेप जमिनीला समांतर, अंगाला टेकलेला पण आवळलेला नाही. हात कोपरात किंचित वाकवून खांद्याच्या टोकापासून मनगटाच्या हाडापर्यंत. प्रत्येक माप दोनदा. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा.

"मास्तर, श्वास धरू का?" एखादी विचारायची.

"धरलास तर ड्रेसही तसाच धरून घालावा लागेल, बाई."

प्रत्येकीची मापं एका कार्डावर; सहा महिन्यांत तीनशे वीस कार्डं भरली. जवळच्या रोडपाली गावातल्या बायकांनाही निरोप गेला होता, पण रविवारी त्या बाजारात मासळी घेऊन बसलेल्या. आल्या फक्त अकरा जणी.

कार्डं मांडायला शेठनी संख्याशास्त्र शिकलेली अनुया आणली. तिने मोठ्या कागदावर आडव्या ओळींत छातीचं माप लिहिलं, चार-चार सेंटिमीटरच्या अंतराने, आणि उभ्या रकान्यांत उंची: बुटकी, मध्यम, उंच. प्रत्येक कार्डाचा एक ठिपका, ज्या घरात बसेल तिथे. जिथे ठिपक्यांची गर्दी, तिथे साइज. त्या घरातल्या बायकांच्या हाताची, खांद्याची, पाठीची सरासरी काढायची आणि तिच्यात हालचालीपुरता सैलपणा मिळवायचा, की कपड्याचं माप तयार.

बुटक्या रकान्यात चौदाच ठिपके होते. त्यातल्या अकरा रोडपालीच्या.

"शंभरात पाचसुद्धा नाहीत," अनुया म्हणाली. "एवढ्यांसाठी वेगळे साइज काढले तर कापड कापताना परवडणार नाही. रकाना गाळू या. उरलेले दोन एक करू, म्हणजे छातीवरून लहान, मध्यम, मोठा, तीनच साइज."

"आणि या?" एलिशेवाने त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "रुंद खांदे, भरलेली छाती आणि हात आखूड. यांना छातीवरून मोठा साइज द्याल तर बाही बोटांवर येईल."

"मास्तर, त्या ड्रेस घेणार आहेत का आपला?"

ते खरं होतं. ड्रेस त्यांच्यासाठी नव्हताच. एलिशेवाने पेन्सिलीने स्वतःच्या हाताने रकान्यावर रेघ मारली. ड्रेस झकास बसले, माल परत येणं थांबलं आणि शेठनी तक्ता काच लावून भिंतीवर टांगला.

त्र्याण्णव साली तळोज्याच्या एका पॅकिंग कारखान्याने तीनशे कोट मागितले. माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर काम करणाऱ्या बायकांसाठी, साडीवरून घालायचे. बायका बहुतेक आसपासच्या गावांतल्या.

"तक्ता आहेच," शेठ म्हणाले.

"तो यांचा नाही. यांची मापं घ्यावी लागतील, शेठ. निदान शंभर जणींची."

"माल महिन्यात द्यायचाय. कोट आहे मास्तर, लग्नातला शालू नाही. बाही मोठी झाली तर दुमडतील."

एलिशेवाने पुन्हा तोंड उघडलं असतं. पण त्या आठवड्यात शेठ दोनदा म्हणाले होते, मुंबईहून एक तरुण मास्तर यायला तयार आहे. ती पन्नाशीला आली होती. ती कापायच्या टेबलाकडे वळली.

चार महिन्यांनी आशालता नावाच्या बाईची दुमडलेली बाही काम करता करता सुटली, पट्ट्याच्या रुळाखाली गेली आणि बाहीमागे हात गेला. उजवा, मनगटापासून.

एलिशेवाला ही बातमी कोट शिवणाऱ्या मुलींकडून कळली. ती तशीच दवाखान्यात गेली. आशालता भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मी तो कोट बेतलाय," एलिशेवा म्हणाली.

"बरा बेतलाव." बाईने मान वळवली नाही. "सायब बोलतात, बाही दुमडायला सांगितली व्हती, नीट दुमडली नाय, म्हंजे माजीच चूक. कागदावर तसंच लिवलंय. भरपाई नाय."

"डावा हात देतेस? मापायचाय."

"आता कशाला? आता एकाच बाहीचं काम हाय."

तरीही तिने हात दिला. एलिशेवाने तो कोपरात जरा वाकवला. खांद्यापासून मनगटापर्यंत अठ्ठेचाळीस. दुसऱ्यांदा, अठ्ठेचाळीस. रुंद छातीमुळे तिला मोठा साइज मिळाला होता आणि त्याची बाही पंचावन्न होती. सात सेंटिमीटर कापड दिवसभर दुमडून राहायचं होतं, तेही हात सतत पुढेमागे होत असताना.

"आमच्यातल्या समद्यांचीच बाही बोटावर येत व्हती," आशालता म्हणाली. "आमाला वाटलं, कोट असाच असतो."

दोन आठवड्यांनी सरकारी निरीक्षक चौकशीला कमलाकरशेठच्या कार्यालयात आले. शेठनी काचेतला तक्ता त्यांच्यासमोर ठेवला.

"शास्त्रशुद्ध आहे, साहेब. तीनशे वीस बायका मोजून केलाय. मास्तरांना विचारा." मग एलिशेवाजवळ येऊन ते हळूच म्हणाले, "नुसतं हो म्हणा, पेणकरबाई. तुमची खुर्ची तुमचीच आहे."

एलिशेवाने कपाटातून मापांची कार्डं काढून तक्त्याशेजारी ठेवली. बाहेर मशिनं चालू होती.

"तक्ता बरोबर आहे," ती म्हणाली. "पण दुसऱ्या बायकांचा. उंची आणि छाती मिळून साइज ठरतो, आणि आम्ही उंचीचा बुटका रकाना गाळला, कारण शहरातल्या बायकांत तो रिकामाच होता. गावात तोच भरलेला असणार. ही कार्डं पाहा. गावातल्या अकराच जणी आल्या होत्या, पण अकराही जणींचे हात एकोणपन्नासच्या आत आहेत. आशालताचाही मी मोजलाय."

निरीक्षकांनी कार्डं एकेक करून पाहिली.

"कोट कापायच्या आधी हे तुम्हाला ठाऊक होतं?"

शेठ खिडकीकडे बघत होते.

"होतं," एलिशेवा म्हणाली. "एकदा बोलले. दुसऱ्यांदा बोलले नाही."

निरीक्षकांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. आशालताची चूक खोडली गेली. तिच्या जागी कोट पुरवणाऱ्या कमलाकरशेठचं नाव आलं आणि त्याच्याखाली बेतणाऱ्या मास्तरचं. एलिशेवाने सही केली, पेनचं टोपण लावलं आणि टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. तो सोमवार होता. मंगळवारी मुंबईचा तरुण मास्तर रुजू झाला.