एककांचं पत्र

सहामाहीत नववीच्या निम्म्या वर्गाचे गुण महत्त्वमापनात एककांमुळे गेले, म्हणून मी पालकांना पत्र लिहिलं. टाकीची त्रिज्या ७० सेंटिमीटर आणि उंची २ मीटर दिली, की मुलं दोन्ही आकडे तसेच गुणतात. आधी उंचीचे २०० सेंटिमीटर करायचे असतात. शिवाय घनफळाचं उत्तर घनसेंटिमीटरमध्ये हवं, तिथे नुसतं सेंटिमीटर लिहितात. घरी एवढं बघा, असं मी कळवलं.

दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई खांडबाऱ्याहून शाळेत आली. पत्र हातात घट्ट धरलं होतं.

"मन्ही पोरले काढी टाकी ऱ्हायनात का सर?"

शेजाऱ्याने पत्र वाचून दाखवलं होतं. त्यालाही 'एकक' कळलं नव्हतं, 'गुण गेले' तेवढं कळलं होतं; त्यावरून मुलीला शाळेतून काढणार, असं तिला वाटलं होतं. मी तिला बसवलं. कापड मीटरने मोजतात, दूध लिटरने, तसंच हे, असं समजावलं. तिने मान हलवली.

"मंग आते घर मी काय करू?"

"अभ्यासाला बसवा," म्हणालो. ते तर ती करतच होती.

पुढच्या चाचणीत तिच्या मुलीने उंचीचे सेंटिमीटर बरोबर केले. गुणाकारही चोख होता. शेवटी मात्र घनसेंटिमीटरऐवजी चौरस सेंटिमीटर लिहिलं. मी लाल पेनने 'चौरस'भोवती गोल काढला आणि अर्धा गुण कापला.