अम्मीला वाचून दाखवलेला मेसेज

गुलाबाच्या अत्तराचा वास आला, की इंदापूरच्या माझ्या मैत्रिणीचे अब्बा गेले तो दिवस आठवतो. बातमी कळली तेव्हा मी बारामतीला ऑफिसात होते. दुपारच्या नमाजानंतर दफन होतं, तोवर पोचणं शक्य नव्हतं. मैत्रिणीला मेसेजमध्ये ‘आत्म्यास सद्गती लाभो’ असं लिहिलं आणि लगेच पुसलं. ते आमच्या हिंदूंकडचं होतं. ऑफिसातल्या मुस्लिम बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “साधंच लिव्हा. अल्लाह त्यास्नी जन्नत देवो, घरच्यांना सब्र देवो. दिव्याचं चित्र नको.” तेवढंच लिहिलं आणि खाली जोडलं, ‘लहानपणी ईदला अब्बा माझ्याही मनगटाला अत्तर लावायचे.’ संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. “आमीन,” ती म्हणाली. “अम्मीला वाचून दाखवलं. सकाळपासून गप्प होती, आता रडायची थांबत न्हाय.” ती शेवटची ओळ लिहिली ते बरं केलं की वाईट, मला अजूनही कळत नाही.